चिठ्ठीवर आलेला शब्द

उत्स्फूर्त वक्तृत्वाच्या स्पर्धेत चिठ्ठी उचलल्यावर साधारण पाच मिनिटं विचाराला मिळतात आणि तीन मिनिटं बोलायला. चिठ्ठीवर ‘माझं गाव’ आलं तर पोरांचे चेहरे खुलतात. ‘विश्वास’, ‘स्वातंत्र्य’, ‘काळ’, ‘जागतिकीकरण’ असं काही आलं की तीच पोरं कागद उलटसुलट करून पाहतात. मागच्या बाजूला काही लिहिलं असेल अशी आशा असते बहुधा.

यवतमाळ जिल्ह्यातल्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बसताना मला एक गोष्ट सतत दिसत आली आहे. पुसदचा मुलगा असो, वणीची मुलगी असो की झरी-जामणीकडच्या आश्रमशाळेतून आलेलं, घरी कोलामी बोलणारं पोर असो, अमूर्त विषय आला की सगळ्यांचं भाषण एकाच साच्यातलं होतं. विश्वास हा नात्यांचा पाया आहे, विश्वासाशिवाय जीवन व्यर्थ आहे, आजच्या धकाधकीच्या काळात विश्वास हरवत चालला आहे. एवढं बोलून झालं की जेमतेम चाळीस सेकंद संपलेले असतात. पुढची दोन मिनिटं तीच वाक्यं मागेपुढे करून काढायची, मध्ये एखादा शेर पेरायचा आणि ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ म्हणून सुटायचं.

अशा भाषणात काय चुकलं ते मुलांना सांगायला मी एक सोपी परीक्षा वापरतो. भाषणातला ‘विश्वास’ हा शब्द काढून तिथं ‘मैत्री’ घालायचा. मग ‘प्रेम’, मग ‘संस्कार’. भाषण कुठंही अडखळलं नाही, तर ते विश्वासावर नव्हतंच. या परीक्षेत पहिल्या पारितोषिकाची कितीतरी भाषणं नापास होतात. आवाज, हातवारे, पाठांतर सगळं जागेवर असतं. फक्त विषय जागेवर नसतो.

ही पुस्तिका त्या जागी विषय आणण्याची एक चौकट देते. चौकट तीन प्रश्नांची आहे. हे कुठं घडलेलं मी पाहिलं? ते का घडलं? त्यातून पुढं काय झालं? उदाहरण, कारण, परिणाम. यात नवं काहीच नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. नवं असलंच तर त्यांच्या क्रमाबद्दलचा आग्रह. आपल्या शाळांत निबंधापासूनच व्याख्या आधी आणि उदाहरण शेवटी अशी सवय लागते. वेळ उरला तर उदाहरण, नाही तर तेही राहिलं. इथं उदाहरण पहिल्या वाक्यात येतं आणि व्याख्या, सुचलीच तर, शेवटी.

चौकट प्रत्यक्षात कशी चालते ते एका चिठ्ठीवरून दाखवतो. एका तालुक्याच्या फेरीत नववीतल्या एका मुलीला ‘विश्वास’ हाच विषय आला होता. तिचा कच्चा कागद मी नंतर मागून घेतला. त्यावर वर विषय होता आणि खाली तीनच ओळी होत्या. ‘खेडा खरेदीवाला, दिवाळीच्या आधी’. ‘बाबा त्यालाच का देतात’. ‘जूनमध्ये पुन्हा’. पाच मिनिटांत तिनं एवढंच लिहिलं होतं, आणि तीन मिनिटांना ते पुरलं.

ती बोलली ते असं. दिवाळीच्या तोंडावर पहिल्या वेच्याचा कापूस घरात येतो. गावात गाडी आणि काटा घेऊन व्यापारी येतो, दारात वजन करतो, पैसे हातात देतो. त्याचा भाव हमीभावापेक्षा कमी असतो. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, तरी तिच्या घरचा कापूस त्याहून खाली गेला. इथवर नुसतं उदाहरण झालं. सभागृहातल्या निम्म्या मुलांनी हे आपापल्या दारात पाहिलेलं होतं, त्यामुळे मागच्या रांगांमधली कुजबुज थांबली.

मग ती कारणाकडे वळली. सरकारी खरेदी केंद्रावर का नेत नाही? तिथं नोंदणी लागते, सातबाऱ्यावर पेरा चढलेला लागतो, गाडीचं भाडं द्यावं लागतं, रांगेत दिवस जातो. शिवाय कापसातली ओल मोजतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे बारापर्यंत भावात कपात, आणि बारावर गेलं तर माल परत. पहिल्या वेच्याच्या कापसात ओल जास्तच असते. पैसे खात्यात जमा होतात, पण वेचाई मात्र रोख द्यायची असते, तीही दिवाळीआधी. ही झाली समोर दिसणारी कारणं. इथं थांबली असती तरी भाषण बरं झालं असतं. तिनं आणखी एकदा ‘का’ विचारलं. गावात व्यापारी तर दोन-तीन येतात, मग बाबा ह्यालाच का देतात? कारण जूनमध्ये बियाणं घ्यायला पैसे नव्हते तेव्हा ह्यानंच दिले होते. अडल्या वेळी उभा राहिला, म्हणून त्याच्यावर विश्वास.

आणि परिणाम? तिनं दोन सांगितले. वेचणाऱ्या बायांची मजुरी चुकती झाली, घरात दिवाळी झाली, हा लगेचचा. क्विंटलमागे काही शे रुपये कमी आले, म्हणून पुढच्या जूनमध्ये पुन्हा हात पसरावा लागला, आणि तोही त्याच माणसापुढे, हा मागाहूनचा. शेवटी तिनं विचारलं, की ज्याला दुसरी वाटच नाही, त्यानं ठेवलेल्या भरवशाला विश्वास म्हणायचं का? आणि ती खाली बसली.

त्या भाषणात विश्वासाची व्याख्या कुठंच नव्हती. पण विश्वास आणि नाइलाज यांच्यातली सीमा कुठं पुसट होते हे तिनं दाखवलं, आणि तो विषयाच्या थेट गाभ्यातला विचार होता. हा विचार तिच्याकडे आधीपासून तयार नव्हता. तिनं स्वतःच मला सांगितलं, की शेवटचा प्रश्न बोलता बोलता सुचला. उदाहरण खरं असलं आणि त्याला दोनदा ‘का’ विचारलं, की विचार त्यातूनच निघतो. आधी विचार ठरवून मग त्याला शोभेल असं उदाहरण शोधायला गेलात, तर पाच मिनिटं शोधण्यातच जातात. या चौकटीबद्दल मला मुख्य सांगायचं आहे ते एवढंच. बाकी सगळा तपशील.

आता तो तपशील. पहिला प्रश्न उदाहरणाचा. इथं मुलं नेहमी मोठ्यांकडे धावतात. जिद्द म्हटलं की एडिसन, स्वप्न म्हटलं की अब्दुल कलाम. या माणसांबद्दल वाईट काहीच नाही, पण त्यांच्याविषयी मुलांना दोन वाक्यांपलीकडे माहिती नसते, आणि तिसरा ‘का’ विचारला की ती अडकतात. म्हणून उदाहरण असं निवडावं की त्यात एक माणूस, एक जागा आणि एक वेळ सांगता येईल. ‘शेतकरी’ हे उदाहरण नाही. ‘दिवाळीच्या आधी आमच्या दारातला काटा’ हे उदाहरण आहे. तीन मिनिटांत साडेतीनशेच्या आसपास शब्द बोलता येतात. त्यातले शंभर-सव्वाशे उदाहरणाला दिले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ते उभं राहतं. त्याहून जास्त दिले तर भाषणाची गोष्ट होते आणि वेळेची घंटा मधेच वाजते.

इथं भाषेचाही एक फायदा होतो, तो आमच्या जिल्ह्यात विशेष. घरी वऱ्हाडी, बंजारा, गोंडी किंवा कोलामी बोलणारी मुलं व्यासपीठावर चढली की पुस्तकी मराठीला घाबरतात. व्याख्येची भाषा त्यांना पाठ करावी लागते. उदाहरणाची भाषा मात्र त्यांची स्वतःची असते. पऱ्हाटी, सरकी, वेचाई, धुरा, चुंगडी हे शब्द सांगताना कुणाची जीभ अडखळत नाही. गाडगेबाबा कीर्तनात याच वऱ्हाडीतून लोकांना प्रश्न विचारत पुढे जात. वणीच्या लोकमान्य टिळक महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले राम शेवाळकर यांची भाषा अगदी निराळी, संस्कृतप्रचुर. पण महाभारतावर बोलताना तेही धर्म-अधर्म असे शब्द एखाद्या माणसाच्या एखाद्या प्रसंगात धरत. भाषा कुठलीही असो, आधार प्रसंगाचा.

दुसरा प्रश्न, कारणाचा, सगळ्यात अवघड. मुलं तिथं दोन प्रकारे घसरतात. एक म्हणजे, आधी घडलं ते सगळं कारण असं धरून चालतात. दुसरं, एकच कारण सापडलं की समाधानानं थांबतात. ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा आपल्या स्पर्धांमधला जुना विषय घ्या. अणुबॉम्ब एका बाजूला आणि लस दुसऱ्या बाजूला ठेवून त्यावरची भाषणं वर्षानुवर्षं होत आहेत. आमच्या मुलांना तेवढं लांब जायची गरज नाही. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना शेकडो लोकांना विषबाधा झाली आणि वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटा भरल्या होत्या. सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं.

का घडलं? ‘विषारी औषधामुळे’ हे उत्तर बरोबर आहे, पण पुरेसं नाही. कारण कीटकनाशकं तर आदल्या वर्षीही फवारली होती. इथं मुलांना मी एक प्रश्न प्रत्येक कारणाला लावायला सांगतो : हे नसतं तर ते घडलं असतं का? त्या वर्षी पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच झाली होती, काही ठिकाणी माणसाच्या डोक्याबरोबर. कमरेएवढ्या झाडावर फवारा मारताना औषध खाली जातं, डोक्याएवढ्या झाडावर मारताना ते तोंडावर येतं. बॅटरीवर चालणाऱ्या पंपांतून बारीक धुकं निघत होतं. दोन-तीन औषधं एकत्र करून फवारली जात होती. हवा दमट आणि उकाड्याची, त्यामुळे तोंड-हात झाकून काम करणं नकोसं. आणि झाकायचं म्हटलं तरी मजुराकडे हातमोजे आणि मुखवटा कुठं होता? पुन्हा ‘का’ विचारलं की आणखी मागं जावं लागतं. मिश्रण का केलं? किडींचा जोर वाढला होता आणि शेतकऱ्याला सल्ला द्यायला बहुतेक वेळा औषध विकणारा दुकानदारच जवळ होता.

एवढी कारणं तीन मिनिटांत सांगायची नसतात. त्यातली दोन निवडायची : एक शेतातलं, डोळ्यांना दिसणारं, आणि एक त्याच्या मागचं. झाडाची उंची हे पहिलं, सल्ला देणारा माणूस हे दुसरं. मग ‘शाप की वरदान’ हा प्रश्नच बदलतो. विज्ञान बाटलीत होतं, ते वापरायचं ज्ञान मजुरापर्यंत पोचलं नव्हतं. हे बोलणारी मुलगी किंवा मुलगा कुठल्याच पारड्यात उडी न मारता विषयावर उभा राहतो. कारण सापडलं की नाही हे ओळखायची खूण हीच, की विषयाचा मूळ प्रश्न थोडा सरकतो. तो जागच्या जागी राहिला, तर आपण बहुधा नुसता दोष दिलेला असतो.

तिसऱ्या प्रश्नाला, परिणामाला, फार जागा देत नाही, कारण पहिले दोन नीट झाले की तो सहसा नीट होतो. एकच काळजी घ्यावी. ‘समाजाची प्रगती खुंटते’, ‘देश मागे पडतो’ हे परिणाम नव्हेत. परिणाम कुणाला तरी भोगावा लागतो. तो कुणाला, आणि लगेच की वर्षभरानं, एवढं सांगता आलं तरच तो खरा.

अमूर्त विषयापेक्षा अनोळखी विषयाची भीती निराळी असते. ‘विश्वास’ निदान शब्द तरी ओळखीचा. ‘जागतिकीकरण’ आलं की मुलांना वाटतं, यातलं आपल्याला काहीच माहीत नाही. अशा वेळी पहिला प्रश्न थोडा फिरवून विचारावा : याचं टोक माझ्या गावात कुठं येतं? २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या वर्षीही तसंच होईल म्हणून लोकांनी कापूस विकलाच नाही. भाव उतरत गेला आणि २०२३ चा उन्हाळा आला तरी कित्येक घरांत छतापर्यंत कापूस भरलेला होता. माणसं त्याच्या शेजारी झोपत होती आणि अंगाला खाज सुटल्याच्या तक्रारी गावोगावी होत्या. घाटंजीच्या किंवा राळेगावच्या पोराला ही खाज माहीत असते. आता ‘का’ विचारा. भाव का चढला होता, का उतरला? यवतमाळच्या बाजारात त्याचं उत्तर मिळत नाही. जगात सुताला मागणी किती, इतर देशांत पीक किती, गिरण्या चालू की बंद, यावर तो हलतो. कापूस पिकवणाऱ्याला हे काहीच दिसत नाही, पण त्याच्या झोपायच्या खोलीत त्याचा ढीग लागतो. एवढं बोलता आलं, तर जागतिकीकरणाची पाठ केलेली व्याख्या आठवली नाही तरी बिघडत नाही.

मात्र याच ठिकाणी एक मर्यादा सांगितली पाहिजे. टोक गावात सापडलं म्हणून सगळा विषय कळला असं होत नाही. तिकडच्या गिरण्यांचं नेमकं माहीत नसेल, तर आकडे ठोकून देऊ नयेत. ‘भाव बाहेरच्या बाजारावर ठरतो, एवढं मला माहीत आहे’ असं म्हणणारं भाषण मला खोट्या टक्केवारीच्या भाषणापेक्षा कधीही जास्त पटतं. चौकट विचाराला वाट देते. माहिती मात्र वाचूनच मिळवावी लागते, आणि मुलांनी रोजचं वर्तमानपत्र वाचावं असं मी कळकळीनं सांगतो ते याचसाठी.

दुसरी मर्यादा नाजूक आहे. आमच्या जिल्ह्यात विषय कुठलाही असो, संघर्ष, आशा, कर्ज, व्यवस्था, मुलं शेतकरी आत्महत्येचं उदाहरण घेतात. दोष त्यांचा नाही. इतकी वर्षं यवतमाळचं नाव वर्तमानपत्रांत याच संदर्भात आलं आहे. पण त्याच सभागृहात, कधी त्याच रांगेत, ज्याच्या घरात हे घडलं असं पोर बसलेलं असतं. हे उदाहरण सरसकट, टाळीसाठी वापरलं, की त्या पोराला आपल्या बापाचं मरण भाषणाच्या मध्यावर ऐकावं लागतं. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा त्याचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, पतीनं आत्महत्या केलेल्या शेतकरी कुटुंबातल्या बाई. त्या बोलल्या ते स्वतःच्या जगण्यावर, मागे राहिलेल्या बाईला काय सोसावं लागतं त्यावर. ते त्यांचं होतं, म्हणून त्यांना बोलता आलं. ज्या मुलाचं ते नाही, त्यानं दुसरं उदाहरण शोधावं, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. ज्याचं आहे, त्याच्यावर ते सांगायची सक्ती कुणी करू नये, शिक्षकांनी तर नाहीच.

आणि काही विषय या चौकटीत बसतच नाहीत. ‘मौन’ या विषयावर मी चांगली भाषणं ऐकली आहेत, पण त्यांत कारण-परिणाम फारसे नव्हते. बोलणाऱ्यानं दोन प्रसंग शेजारी ठेवले होते, भीतीनं गप्प राहिलेला एक आणि आदरानं गप्प राहिलेला दुसरा. तिथं तुलना कामाची असते. ‘सौंदर्य’, ‘रंग’, ‘एकटेपणा’ यांचंही बरंचसं तसंच. उदाहरणाचा पहिला प्रश्न अशा विषयांतही चालतो. ‘का’ विचारून तिथं ओढूनताणून उत्तर काढू नये. शेवटच्या प्रकरणात असे विषय वेगळे ठेवले आहेत आणि तिथं तीन प्रश्नांची चौकट मुद्दाम बाजूला सारली आहे.

सरावाबद्दल थोडं. प्रत्येक पाठाच्या शेवटी चिठ्ठ्यांसारखे विषय दिले आहेत. सुरुवातीचे आठवडे कुणीही उभं राहून बोलू नये. विषय वाचून पाच मिनिटांत कागदावर फक्त तीन ओळी लिहायच्या, एका प्रश्नाला एक ओळ, आणि शेजाऱ्याला दाखवायच्या. शेजाऱ्यानं पहिल्या ओळीखाली कोण, कुठं, केव्हा हे सापडतं का ते पाहावं आणि दुसऱ्या ओळीला आणखी एकदा ‘का’ विचारावं. हे जमल्यावर बोलायला उभं राहावं. भाषण पाठ करू नये. पाठ केलेल्या भाषणाचा चिठ्ठीवर दुसरा विषय आला की काही उपयोग उरत नाही, आणि तीन ओळी लिहायची सवय मात्र कुठल्याही चिठ्ठीला चालते.

परीक्षकांना एक विनंती आहे. आपल्याकडे गुणपत्रिकेत उच्चार, हावभाव, आत्मविश्वास यांना बरेच गुण असतात, आणि ‘विषयाची मांडणी’ या एका रकान्यात बाकी सगळं कोंबलेलं असतं. त्या रकान्याचे निदान दोन भाग करावेत. उदाहरणाला वेगळे गुण द्यावेत आणि त्यातून निघालेल्या कारणाला वेगळे. असे रकाने असलेली नमुना गुणपत्रिका पुस्तिकेच्या मागच्या पानावर छापली आहे. तालुक्याच्या पुढच्या फेरीआधी ती शाळांना पाठवली, तर मुलं त्याच तयारीनं येतील.